०.०२१ की ०.०४२? शाफ्टच्या समाक्षतेचं एक रिजेक्शन निस्तरताना

मंगळवार, ३ तारीख. सकाळी मेल उघडली तर वरच रिजेक्शन नोट होती. आम्ही पाठवलेल्या २४ शाफ्टपैकी ११ ग्राहकाच्या आवक तपासणीत नापास झाले होते आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, समाक्षता, म्हणजे शाफ्टच्या दोन भागांचे अक्ष एकाच रेषेत असणं. लेखी उत्तर १० कामकाजी दिवसांत हवं होतं, म्हणजे १७ तारखेपर्यंत. त्या २४ शाफ्टच्या तपासणी अहवालावर माझी सही होती आणि त्यात सगळेच्या सगळे पास होते.

हे प्रकरण मिटायला तीन आठवडे लागले. मधल्या काळात मी जे शोधत होते ते सलग लिहिलेलं कुठे मिळालं नाही, म्हणून घडलं त्या क्रमाने लिहून ठेवते आहे.

आधी शाफ्ट कसा होता ते सांगते. एका टोकाला ३० मिमी व्यासाचं जर्नल, ५० मिमी लांब. ड्रॉइंगवर तेच डेटम ए, म्हणजे ज्याच्या अक्षापासून बाकीचं मोजायचं तो संदर्भ. दुसऱ्या टोकाला २२ मिमी व्यासाचं जर्नल, २० मिमी लांब. दोन्ही जर्नलच्या मध्यांमधलं अंतर १६० मिमी. लहान जर्नलवर टॉलरन्सची चौकट होती: दोन एककेंद्री वर्तुळांचं चिन्ह, मग ⌀०.०४ आणि शेवटी ए. आम्ही रोजच्या बोलण्यात याला समाक्षताही म्हणतो आणि कॉन्सेंट्रिसिटीही. पण इथे प्रश्न एका वर्तुळाच्या केंद्राचा नसून २० मिमी लांबीच्या अक्षाचा आहे, म्हणून समाक्षता हाच नेमका शब्द.

रिजेक्शन नोटसोबत त्यांचा अहवाल जोडलेला होता. शाफ्ट नंबर ७ ला त्यांचं मूल्य ०.०४६, आमच्या अहवालात त्याच शाफ्टला ०.०२१. मला वाटलं त्यांचं मशीन चुकतंय, किंवा शाफ्ट वाटेत कुठेतरी आपटला असणार. तसा मेल मी लिहायलाही घेतला होता. पाठवण्याआधी दोन्ही अहवालांतले आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि थांबले. बहुतेक शाफ्टना त्यांचा आकडा आमच्या आकड्याच्या साधारण दुप्पट होता. आपटलेला शाफ्ट इतका शिस्तीत वागत नाही. जवळपास प्रत्येक नगावर दुप्पट फरक दिसला की मशीनवर शंका घेण्याआधी हिशोबावर घ्यावी.

आमचा हिशोब एका एक्सेल शीटमध्ये होता. सीएमएमवर, म्हणजे प्रोबने बिंदू टिपून मोजणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर डेटम ए चा अक्ष बसवायचा, लहान जर्नलच्या मध्यावर एक वर्तुळ घ्यायचा आणि त्या वर्तुळाचं केंद्र डेटमच्या अक्षापासून एक्स आणि वाय दिशेला किती सरकलंय ते दोन आकडे शीटमध्ये भरायचा. शाफ्ट ७ साठी एक्स होता ०.०१७ आणि वाय उणे ०.०१२. शीटमधलं सूत्र हे होतं:

```
=SQRT(C7^2+D7^2)
```

१७ चा वर्ग २८९, १२ चा वर्ग १४४, बेरीज ४३३, वर्गमूळ २०.८ मायक्रॉन. शीटने ०.०२०८ हा आकडा ०.०४ शी ताडून पाहिला आणि पास लिहिलं.

चूक इथेच होती. ०.०२०८ हे केंद्र किती सरकलं त्याचं अंतर आहे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेचं माप. चौकटीतल्या ०.०४ च्या आधी ⌀ आहे. त्याचा अर्थ असा की डेटमच्या अक्षाभोवती ०.०४ मिमी व्यासाचं एक काल्पनिक सिलिंडर आहे आणि लहान जर्नलचा अक्ष पूर्णपणे त्याच्या आत असला पाहिजे. ०.०४ व्यासाच्या सिलिंडरच्या मध्यापासून त्याच्या भिंतीपर्यंत फक्त ०.०२ अंतर असतं. अक्षाला सरकायला कुठल्याही एका दिशेला २० मायक्रॉन आहेत, ४० नाहीत. शाफ्ट ७ चा अक्ष २०.८ वर होता, भिंतीच्या बाहेर. मी त्रिज्येचं माप व्यासाच्या मर्यादेशी ताडत होते.

डोळ्यांसमोर चित्र आणायचं असेल तर कागदावर एक वर्तुळ काढा, त्याच्या मध्यावर डेटमचा अक्ष ठेवा आणि मोजलेलं केंद्र एका ठिपक्याने दाखवा. आता मध्य तोच ठेवून त्या ठिपक्याला जेमतेम सामावून घेणारं सर्वांत लहान वर्तुळ काढा. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे अहवालात लिहायचं समाक्षतेचं मूल्य. ठिपका मध्यापासून जितका दूर, त्याच्या दुप्पट. म्हणून सूत्र हवं ते असं:

```
=2*SQRT(C7^2+D7^2)
```

शाफ्ट ७ ला ०.०४१६ आलं. नापास. सूत्र सगळ्या २४ ओळींना लावलं तेव्हा ९ शाफ्ट मर्यादेबाहेर गेले. जुन्या शीटने ०.०८ व्यासाच्या क्षेत्रापर्यंत काहीही पास केलं असतं. म्हणजे आमची चूक मालाला अवघड करणारी नव्हती, खराब माल सोडणारी होती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण तेच शीट आम्ही आणखी दोन प्रकारच्या शाफ्टसाठी वापरत होतो. बुधवारी सकाळी पहिलं काम ते केलं: दोन्हींचे जुने अहवाल काढून पुन्हा हिशोब केला. त्यांत दुप्पट करूनही सगळे आकडे मर्यादेत होते. तरीही दोन्ही ग्राहकांना दुरुस्त अहवाल पाठवले.

याच टप्प्यावर आमच्याकडच्या एकाने सुचवलं की एक्स आणि वाय यांतला मोठा आकडा घेऊन त्याची दुप्पट करू, वर्गमूळ कशाला? तसं केलं तर शाफ्ट ७ ला ३४ मायक्रॉन येतात आणि तो पास होतो. पण सिलिंडर गोल आहे, चौकोनी नाही. तिरक्या दिशेला सरकलेल्या अक्षाचं खरं अंतर दोन्ही आकडे मिळूनच कळतं. त्याला कागदावर ठिपका काढून दाखवला, लगेच पटलं.

शाफ्ट शुक्रवारी ६ तारखेला परत आले. येण्याजाण्याचं भाडं आमच्या खात्यावर. सोमवारी दुपारी मोजायला बसण्याआधी मी दोन्ही अहवाल पुन्हा जुळवून पाहिले. दुपटीने बरंच उलगडलं होतं, सगळं नाही. त्यांचे ११ नापास होते, माझे ९. शाफ्ट १९ ला माझं दुरुस्त मूल्य ०.०३८८, त्यांचं ०.०४१. शाफ्ट ११ तर फारच वेगळा: माझं ०.०३१, त्यांचं ०.०४६. पंधरा मायक्रॉनचा फरक कुठल्याही सूत्राने निघत नव्हता.

शाफ्ट १९ चं कारण लवकर सापडलं. आम्ही लहान जर्नलच्या फक्त मध्यावर एक वर्तुळ घेत होतो. पण टॉलरन्स सांगतो की जर्नलच्या पूर्ण लांबीतला अक्ष सिलिंडरच्या आत हवा. लहान जर्नलचा अक्ष डेटमच्या अक्षाला समांतर सरकलेला नव्हता, किंचित तिरका होता, त्यामुळे बाहेरच्या टोकाकडे अंतर वाढत जात होतं. टोकाला चॅम्फर आहे, म्हणून शेवटचं वर्तुळ डेटमच्या मध्यापासून १६८ मिमीवर घेतलं. शाफ्ट १९ तिथे ०.०४०८ निघाला. शाफ्ट ७ ला त्याच जागी एक्स १८ आणि वाय उणे १३ मायक्रॉन आले. ३२४ अधिक १६९ म्हणजे ४९३, वर्गमूळ २२.२, दुप्पट ४४.४. अहवालात जाणारा आकडा ०.०४४४, मध्यावरचा ०.०४१६ नव्हे. तीन जागी वर्तुळं घेतली तर तिन्हींची सरासरी काढायची नाही, प्रत्येकाची दुप्पट काढून सर्वांत मोठी लिहायची.

शाफ्ट ११ ने मात्र सोमवारची उरलेली दुपार आणि पूर्ण मंगळवार खाल्ला. आम्ही तो तीनदा काढून पुन्हा लावला आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं: ०.०३३, ०.०४७, ०.०३८. शाफ्ट बदलत नव्हता, मशीनचं कॅलिब्रेशन ताजं होतं. लहान जर्नलवरची वर्तुळं बघितली तर ती प्रत्येक वेळी छान गोल येत होती. शेवटी लक्ष डेटमकडे गेलं.

आमच्या प्रोग्रॅममध्ये डेटम ए चा अक्ष दोन वर्तुळांवरून बनत होता, मध्यापासून अलीकडे २० मिमी आणि पलीकडे २० मिमी. म्हणजे ४० मिमी अंतरावरच्या दोन केंद्रांमधून रेघ काढायची आणि ती १६० मिमीपर्यंत लांबवायची. आता समजा पुढच्या वर्तुळाचं केंद्र धुळीमुळे फक्त २ मायक्रॉन चुकलं. मागचं वर्तुळ बरोबर आहे. मागच्या वर्तुळापासून लहान जर्नलच्या मध्यापर्यंत अंतर १८० मिमी आहे, म्हणजे ४० च्या साडेचार पट. चूकही साडेचार पट होते: ९ मायक्रॉन. हे त्रिज्येच्या दिशेने. अहवालात व्यास लिहायचा म्हणून त्याची दुप्पट, १८ मायक्रॉन. चूक सरकण्याच्या दिशेतच असेल तर २ मायक्रॉनच्या धुळीने ४० मायक्रॉनच्या टॉलरन्सपैकी जवळजवळ अर्धा गिळला. दुप्पट करण्याचं सूत्र अगदी बरोबर असलं तरी ते चुकीचीही दुप्पट करतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट जाणवलं.

शाफ्ट ११ च्या मोठ्या जर्नलवर खांद्याजवळ बोटाला जेमतेम जाणवेल अशी बर होती आणि आमचं पुढचं वर्तुळ तिच्या अगदी लगत पडत होतं. प्रोब कधी तिच्यावर टेकायचा, कधी नाही. हलक्या हाताने तेलदगड फिरवून ती काढली, जर्नल पुसलं, आणि प्रोग्रॅम बदलला. आता डेटमवर दोनऐवजी सहा वर्तुळं, जर्नलच्या लांबीत शक्य तितकी पसरून, प्रत्येकावर जास्त बिंदू, आणि त्या सगळ्यांवरून एक सिलिंडर बसवायचं. एका शाफ्टला आधी ९ मिनिटं लागायची, आता १६ लागतात. २४ शाफ्टना साडेसहा तासांच्या आसपास. पण शाफ्ट ११ तीनदा लावून तिन्ही आकडे ३ मायक्रॉनच्या आत आले, ०.०४५ च्या अलीकडे पलीकडे. ग्राहकाचा ०.०४६ आता समजण्यासारखा होता.

तुमच्या अहवालावर विश्वास ठेवायचा की नाही हे तपासायला मला हीच चाचणी सर्वांत उपयोगी वाटली. एकच शाफ्ट उचलून, पुसून, फिरवून तीनदा लावायचा. डेटम आखूड आणि मोजायचं जर्नल त्याच्यापासून दूर असेल तर ही चाचणी केल्याशिवाय पहिल्या आकड्यावर सही करू नये.

दुसरी एक चाचणी दुपटीसाठी आहे, ती ग्राहकाच्या इन्स्पेक्टरने फोनवर सांगितली. "मॅडम, चांगली गोल पिन घ्या. तिच्यावरच डेटम लावा आणि समाक्षता काढा, जवळजवळ शून्य येईल. मग डेटमचा आरंभबिंदू मुद्दाम एक्समध्ये ०.०१० सरकवा. मशीनने ०.०२० दाखवलं तर ते व्यास देतंय, ०.०१० दाखवलं तर त्रिज्या." आमच्या मशीनच्या स्वतःच्या समाक्षतेच्या ओळीत ०.०२० आलं. म्हणजे सॉफ्टवेअर आधीच दुप्पट करत होतं, पण आम्ही ती ओळ न घेता एक्स-वाय उचलून आमच्या शीटमध्ये टाकत होतो. ज्यांच्याकडे ती ओळ थेट वापरली जाते त्यांनी तिची पुन्हा दुप्पट करू नये. त्या दिवसापासून आमच्या शीटच्या शीर्षकात फक्त "समाक्षता" असं नाही, "समाक्षता, व्यास क्षेत्र, ⌀" असं लिहिलं आहे.

दुपटीचा उलटा गोंधळ बुधवारी ११ तारखेला झाला. सीएमएमवर पडताळा म्हणून शाफ्ट ७ डायलवर बघायचं ठरलं. मोठं जर्नल व्ही-ब्लॉकमध्ये बसवलं, शाफ्ट पुढे झुकू नये म्हणून वरून हलका दाब दिला, पुढे-मागे सरकू नये म्हणून मागे टेकू दिला, आणि लहान जर्नलच्या टोकाजवळ डायल लावून एक फेरा फिरवला. लहान जर्नलखाली आधार द्यायचा मोह होतो, पण तो देऊ नका, नाहीतर डेटम बदलतो आणि जे मोजायचं तेच दाबलं जातं. सुई एकूण ०.०४६ फिरली. डायल बघणाऱ्या सहकाऱ्याने नव्या नियमाप्रमाणे त्याची दुप्पट करून ०.०९२ लिहिलं आणि कागद माझ्याकडे आणला. क्षणभर माझाही श्वास अडकला.

पण डायलच्या एकूण फिरण्याची दुप्पट करायची नसते. जर्नलचं केंद्र २२ मायक्रॉन सरकलेलं असेल तर एका बाजूला पृष्ठभाग डायलकडे २२ ने जवळ येतो आणि अर्ध्या फेऱ्यानंतर २२ ने लांब जातो. सुई अधिक २२ पासून उणे २२ पर्यंत, एकूण ४४ फिरते. दुप्पट डायलनेच केलेली असते. डायलचं पूर्ण वाचन थेट व्यासाच्या मर्यादेशी ताडायचं, आणि केंद्राचं सरकणं हवं असेल तर त्याचं अर्ध करायचं. ०.०४६ आणि सीएमएमचा ०.०४४४, हे दोन्ही जुळत होते.

वरचे दीड मायक्रॉन कुठून आले? डायल पृष्ठभाग बघतो, अक्ष नाही. लहान जर्नल स्वतः थोडं अंडाकृती किंवा त्रिकोणी असेल तर तेही सुईत मिसळतं. खरं तर डायलचं वाचन म्हणजे रनआऊट. व्यवहारात आम्ही असं धरतो की जर्नलच्या दोन-तीन जागी डायलचं पूर्ण वाचन ०.०४ च्या आत असेल तर समाक्षताही आत असते, आणि डायल मर्यादेबाहेर गेला तर लगेच नापास म्हणायचं नाही, सीएमएमवर अक्ष बघायचा. व्ही-ब्लॉकमध्ये बसलेलं जर्नलच गोल नसेल तर मात्र शाफ्ट फिरताना वर-खाली होतो आणि डायलचा आकडा दोन्ही बाजूंना फसवू शकतो. आम्ही आधी मोठ्या जर्नलची गोलाई तपासून घेतली होती.

या सगळ्यात एक गोष्ट मी कागदावर ठरवून टाकली: आमच्याकडे मर्यादा नेहमी व्यासात राहील आणि मोजलेलं मूल्यच व्यासात बदलायचं. कुणी मर्यादेचं अर्ध करून ०.०२ शी केंद्राचं सरकणं ताडलं तरी उत्तर तेच येतं, ते चूक नाही. पण एकाने मर्यादा अर्धी केली आणि दुसऱ्याने मूल्य दुप्पट केलं तर चांगले शाफ्ट बाद होतात. २० च्या मर्यादेला ३० लावल्यासारखं.

ड्रॉइंग वाचतानाही एक खबरदारी आहे. आयएसओ ११०१ प्रमाणे काढलेल्या ड्रॉइंगवर समाक्षतेच्या आकड्याआधी ⌀ असतो. जुन्या रशियन गोस्ट पद्धतीच्या ड्रॉइंगवर मात्र ⌀ च्या जागी त्रिज्येचं आर हे अक्षरही येऊ शकतं, आणि तिथे आर ०.०२ म्हणजे आपलं ⌀०.०४. आमच्या एका जुन्या ग्राहकाच्या फाइलमध्ये अशी दोन ड्रॉइंग निघाली. अमेरिकन एएसएमई वाय१४.५ मध्ये तर २०१८ च्या आवृत्तीपासून कॉन्सेंट्रिसिटीचं चिन्हच काढून टाकलं आहे. तिथे अशा जागी पोझिशन किंवा रनआऊट दिलेलं दिसेल. पोझिशनच्या आकड्याआधी ⌀ असेल तर हीच दुप्पट लागू होते.

पुढचा प्रश्न होता ११ शाफ्टचं काय करायचं. सगळ्यांच्या मनात आधी ग्राइंडिंग आलं. लहान जर्नल पुन्हा घासून केंद्र जागेवर आणता येईल का? हिशोब करून पाहिला. केंद्र जितकं सरकवायचं त्याच्या दुप्पट व्यास कमी करावा लागतो, कारण नवं वर्तुळ जुन्या वर्तुळाच्या आतच बसलं पाहिजे. शाफ्ट ७ पूर्ण सरळ करायला ४४ मायक्रॉन व्यास काढावा लागला असता. जर्नलचा आकार २२ एच६, म्हणजे २२.००० ते २१.९८७, सगळं मिळून १३ मायक्रॉन. शाफ्ट ७ चा व्यास २१.९९६ होता. उरले ९ मायक्रॉन, म्हणजे केंद्र जास्तीत जास्त साडेचार मायक्रॉन सरकवता येईल. कागदावर २२.२ वरून १७.७ वर, व्यासात ०.०३५४, पास! पण त्यासाठी शाफ्ट मशीनवर मुद्दाम तेवढाच वाकडा आणि नेमक्या त्याच दिशेला लावावा लागतो. ग्राइंडिंगवाले काका शांतपणे म्हणाले, "एका नगाला अर्धा दिवस लागेल, आणि आकार गेला तर दोन्हीकडून गेलात." तो विचार तिथेच सोडला.

शुक्रवारी १३ तारखेला ग्राहकाकडे जाऊन शाफ्ट ७, ११ आणि १९ त्यांच्या मशीनवर एकत्र मोजले. मशीनचे चार तास आमच्या खात्यात लागले. शाफ्ट १९ ला त्यांच्याकडे ०.०४१२ आलं, आमच्याकडे ०.०४०३ आणि ०.०४०८. हा शाफ्ट अगदी सीमेवरचा, मोजमापाच्या अनिश्चिततेत बुडालेला. मी वाद घातला नाही, त्याला नापासांच्या यादीतच ठेवला.

सोमवारी १६ तारखेला दोन कागद गेले: सुधारणा कृतीचा अहवाल आणि ११ शाफ्टसाठी सवलतीचा अर्ज. अर्ज दोन दिवसांत परत आला. मी मोजलेल्या मूल्याच्या रकान्यात "०.०४१ ते ०.०५३" असं एकत्र लिहिलं होतं, त्यांना प्रत्येक नगाचं वेगळं मूल्य आणि नगावरचा क्रमांक हवा होता. शिवाय एकाही आकड्याआधी ⌀ नव्हता. ज्या चिन्हामुळे हे सगळं झालं तेच मी विसरले होते. यादी नव्याने केली, प्रत्येक आकड्याआधी ⌀ टाकला, कुठल्या छेदावर मोजलं ते १६८ मिमी असं लिहिलं, आणि डेटम सहा वर्तुळांवरून बसवल्याचं एक वाक्य जोडलं. तुम्ही असा अर्ज करत असाल तर हे पहिल्याच फेरीत करा, माझे दोन दिवस वाचले असते.

सुधारणा कृतीत मूळ कारण दोन भागांत लिहिलं. माल का सोडला गेला, याचं उत्तर सूत्र. माल मुळात का बिघडला, याचं उत्तर सेंटर होल. मोठं जर्नल ग्राइंड झाल्यावर शाफ्ट ट्रेमधून दुसऱ्या पाळीला जायचे आणि तेव्हा लहान टोकाच्या सेंटर होलच्या काठाला टोचा बसायचा. मग लहान जर्नल ग्राइंड होताना ते टोक सेंटरवर किंचित बाजूला बसायचं. आता दोन्ही जर्नल एकाच सेटिंगमध्ये होतात, आणि ज्यांना दोन सेटिंग लागतात त्यांची सेंटर होल दुसऱ्या वेळी लावण्याआधी साफ करून पाहिली जातात.

उत्तर बुधवारी २५ तारखेला आलं. त्यांच्या डिझायनरने लहान जर्नलवर बसणाऱ्या कपलिंगची सोसण्याची क्षमता बघून या एका लॉटसाठी ⌀०.०४८ पर्यंत सवलत दिली. आठ शाफ्ट स्वीकारले गेले, त्यात ७, ११ आणि १९ होते. तीन भंगारात गेले. त्यांच्या जागी तीन नवे नग आम्ही पुढच्या आठवड्यात दिले, नव्या प्रोग्रॅमवर मोजून. त्यांतला सर्वांत मोठा आकडा होता ⌀०.०१४, आणि त्या अहवालाला एक्स आणि वायचे कच्चे आकडेही जोडले, म्हणजे ग्राहकाला हवं तर दुप्पट स्वतः करून बघता येईल.